उधारीच्या वहीत वडिलांचं नाव, तपासणीच्या वहीत तुमचं

वाचकाचं पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत कृषी विभागात नव्याने लागलेला अधिकारी आहे. खत-बियाणे-औषधांच्या दुकानांची तपासणी, परवान्याच्या प्रस्तावांवर स्थळतपासणी अहवाल आणि सेस फंडाच्या खरेदीची दरपत्रकं ही कामं माझ्या टेबलावर आहेत. माझं गाव याच तालुक्यातलं. बाबा वर्षानुवर्षं एकाच कृषी केंद्रातून उधारीवर माल आणतात आणि कापूस निघाला की फेडतात. आज 64,000 रुपये बाकी आहे. आता त्याच दुकानाचा दुसरं गोदाम परवान्यात जोडण्याचा प्रस्ताव माझ्याकडे आलाय. त्याच आठवड्यात त्या दुकानाविरुद्ध डीएपीसोबत बळजबरीने टॉनिकची बाटली दिल्याची तक्रारही आली. फवारणी पंपांच्या खरेदीत त्यांचं दरपत्रकसुद्धा आहे. वरिष्ठ तोंडी म्हणाले, "आपला माणूस आहे, पाहून घे." सहकारी म्हणतात, "तू रुपया घेत नाहीस ना? मग मुद्दाम कडक तपासणी कर, कोणाचं तोंड उघडणार नाही." बाबा म्हणतात, "उधारी तर गावात सगळ्यायचीच असते." मी काय करावं?

उत्तर :

नियमांचं पुस्तक उघडण्याआधी आज संध्याकाळी बाबांजवळ बसा आणि दुकानदाराने वहीत डीएपीची गोणी कितीला मांडली आहे ते विचारून घ्या. तुमच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा त्या एका आकड्यात आहे.

डीएपीची 50 किलोची गोणी 1,350 रुपयांची आणि युरियाची 45 किलोची 266 रुपये 50 पैशांची. गोणीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकणं हा खत नियंत्रण आदेश, 1985 चा भंग आहे. आपल्याकडे नगदीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं कोणाला काही वाटतही नाही. पण तुमच्या खुर्चीतून पाहिलं की तीच वही वेगळी दिसायला लागते. बाबांच्या नावावर गोणी 1,500 ला मांडलेली असेल, तर ज्या गुन्ह्यावर लक्ष ठेवायला तुमची नेमणूक आहे तो तुमच्याच घरी घडतोय आणि बाबा त्याचे साक्षीदार आहेत. ती 1,350 लाच मांडली असेल आणि सहा महिने एक पैसाही चढवला नसेल, तर शेजारच्या शेतकऱ्याची वही कशी मांडली आहे हे विचारावं लागेल. त्याला 1,500 आणि तुमच्या बाबांना 1,350 असेल, तर ती सवलत कोणाला दिली जातेय हे तुम्हाला कळायला हवं. तिसरा प्रकार जास्त दिसतो. अनुदानाच्या खताला छापील भाव लावायचा आणि उधारीचं व्याज टॉनिकच्या बाटल्यांवर, औषधांवर वसूल करायचं. यात खताचं बिल अगदी स्वच्छ दिसतं.

आणखी दोन गोष्टी विचारा. प्रत्येक उचलीची पावती मिळाली होती का? खतविक्रेत्याला नगद असो की उधार, पावती द्यावीच लागते. नुसती लाल वही म्हणजे पावती नव्हे. आणि जूनमध्ये डीएपीची टंचाई असताना, लोक सकाळपासून रांगेत उभे असताना, बाबा रांगेत होते की गोणी घरपोच आली? तुमची नोकरी लागण्याआधी आणि नंतर यात फरक पडला असेल, तर तुम्ही रुपया घेतला नसला तरी तुमच्या पदाचं काहीतरी त्या वहीत जमा झालेलं आहे.

म्हणून "मी रुपया घेत नाही" ही तुमची पक्की जमीन तुम्हाला वाटते तेवढी पक्की नाही. लाच हा गुन्हा आहे आणि तो कोणीतरी करावा लागतो. हितसंबंधाचा संघर्ष ही मात्र नुसती परिस्थिती आहे. कोणी काहीही केलेलं नसताना ती तयार होते. बाबांनी पंधरा वर्षं उधारी केली यात वाईट काही नाही, आणि तुम्ही परीक्षा देऊन याच तालुक्यात लागलात यातही नाही. या दोन निर्दोष गोष्टी एका फाइलवर एकत्र आल्या एवढंच झालं. तेव्हा लाज वाटून घेऊ नका. पण ही गोष्ट तुमच्या मनातच राहिली आणि फाइल पुढे सरकली, तर निर्दोषपणा तिथे संपतो.

आता नियम. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात. जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल तर जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, 1967. तुमच्या नेमणुकीच्या आदेशात कोणते लिहिलेत ते पाहा. 1979 च्या नियमांत दोन जागा तुमच्या कामाच्या आहेत. नियम 4 चं सांगणं असं की ज्या प्रकरणात किंवा कंत्राटात कर्मचाऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबीयाचा हितसंबंध आहे, ते त्याने स्वतः हाताळू नये, वरिष्ठांकडे पाठवावं आणि ते सांगतील तसं त्याचं पुढे व्हावं. नियम 17 देण्याघेण्याबद्दल आहे : ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येण्याची शक्यता आहे अशा माणसाच्या आर्थिक उपकाराखाली, स्वतः किंवा घरच्यांमार्फत, जाऊ नये.

एखादा जाणकार सहकारी तुम्हाला सांगेल की नेहमीच्या दुकानदाराकडे उधारी खातं ठेवायला नियमातच सूट आहे. आहे, खरंच आहे. पण ती किराणा दुकानाच्या महिन्याच्या खात्यासारख्या व्यवहाराला साजेशी आहे. ज्याच्या परवान्यावर तुम्ही अहवाल लिहिणार त्याच्याकडे हंगामभर 64,000 थकवण्यासाठी ती वापरायला गेलात, तर चौकशी अधिकाऱ्यासमोर ती फार वेळ टिकणार नाही. दुसरी पळवाट 'कुटुंब' या शब्दातून काढली जाते. बाबा तुमच्यावर अवलंबून नाहीत, वेगळे राहतात, मग ते कुटुंबात मोडतच नाहीत, असा हा युक्तिवाद. इथे सातबारा काढून पाहा. सहधारक म्हणून तुमचं नाव त्यावर असेल, तर त्या वावरातली पराटी तुमचीही आहे आणि तिला टाकलेल्या खताची बाकीही. नाव नसेल तर नियमाचं अक्षर तुमच्या बाजूने थोडं सैल होतं. तरीही कळवा, कारण गावात कोणी सातबारा पाहून बोलत नाही.

तुमच्या सहकाऱ्यांचा कडक तपासणीचा सल्ला मात्र खरा धोक्याचा आहे, कारण तो ऐकायला मर्दानी वाटतो. तो कुठे फसतो ते नीट पाहू.

समजा तुम्ही त्या दुकानात गेलात. ई-पॉस मशीनवर युरियाच्या 120 गोण्या शिल्लक दिसतात आणि गोदामात मोजून 74 भरतात. 46 गोण्यांची तूट. याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे गर्दीच्या दिवशी नेटवर्क गेलं, म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे अंगठे मशीनने घेतले नाहीत आणि दुकानदाराने बिलं फाडून माल दिला, मशीनवर नोंद राहिली. असं असेल तर बिलबुकात त्या तारखांना 46 गोण्यांची बिलं सापडली पाहिजेत, आणि त्यातल्या पाच-सहा शेतकऱ्यांना फोन लावला की ते "हो, नेली" म्हणतील. दुसरं म्हणजे बिलंच नाहीत आणि माल भलतीकडे गेला. कधी उलटही असतं, गोदामात मशीनपेक्षा जास्त गोण्या निघतात. तेव्हा कोणाच्या तरी अंगठ्यावर जास्तीच्या गोण्या विकल्याचं दाखवून त्या मागे ठेवल्या आहेत का, हे त्या दिवसांच्या खरेदीदारांच्या यादीवरून तपासायचं. दोन एकरवाल्याच्या नावावर 40 गोण्या दिसल्या की विचारायचं.

आता या 46 गोण्यांचं काय करायचं हे ठरवणं तुमच्या हातात आहे. खुलासा मागवून मुदत द्यायची, विक्री बंद आदेश द्यायचा, की परवाना निलंबनासाठी जिल्ह्याला अहवाल पाठवायचा? तिन्ही रस्ते कागदावर बरोबर ठरू शकतात. तुम्ही कडक व्हायचं ठरवलं आणि तूट खरोखर लबाडीची होती, असंही धरू. विक्री बंद आदेश निघाला, प्रकरण जिल्ह्याला गेलं. सुनावणीत दुकानदार लाल वही काढून ठेवतो : "साहेब, यांच्या वडिलांकडे माझे 64,000 थकलेत. मी मागितले म्हणून माझ्यावर कारवाई." त्या क्षणी 46 गोण्या बाजूला राहतात आणि तपासणी तुमची सुरू होते. दोषी दुकानदार सुटण्याची सोय तुमच्या कडकपणानेच केलेली असते. आणि तूट खरोखर नेटवर्कची असेल तर तुम्ही निव्वळ स्वतःची पाठ स्वच्छ दाखवण्यासाठी एका माणसाचा ऐन हंगामातला धंदा बंद केला. दोन्हीकडे निर्णय खतावर झालेला नाही, तुमच्या अडचणीवर झालेला आहे. सौम्य राहूनही तुम्ही अडकता, कडक होऊनही अडकता. उपाय एकच, त्या दुकानाबद्दलचा निर्णय तुमच्या हातून जाणं.

नमुन्यांचंही असंच. खत असो, बियाणं असो की औषध, नमुन्याचे तीन भाग करून सीलबंद होतात, एक प्रयोगशाळेत जातो, एक दुकानदाराला मिळतो. हे सगळं नियमाने ठरलेलं आहे. पण कोणत्या दुकानात, कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटमधून नमुना काढायचा हे निरीक्षक ठरवतो, आणि आपुलकी नेमकी तिथे शिरते. नामांकित कंपनीची गोणी पुढेच असते, तिचा नमुना घेतला की उद्दिष्टही भरतं आणि अहवालही पास येतो. मागच्या रांगेतल्या अनोळखी नावाच्या औषधाला हात लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हा कोणत्या दुकानात कोणतं औषध विकलं जात होतं हा प्रश्न तपासात आलाच. वर्षभराचं तुमचं नमुना रजिस्टर दुकानवार मांडून पाहा. या एका दुकानातून किती नमुने घेतले, तेवढ्याच उलाढालीच्या दुसऱ्या दुकानातून किती, आणि त्यातले किती लॉट अनोळखी कंपन्यांचे होते. हा तक्ता इतर कोणी काढण्याआधी तुम्ही काढलेला बरा.

तर आता करायचं काय. उद्याच एक टिपणी लिहा. गोदामाच्या स्थळतपासणीला जाण्याआधी आणि तक्रारदाराला फोन करण्याआधी. पत्र अर्ध्या पानाचं असू द्या, मजकूर साधारण असा :

"विषय : (दुकानाचे नाव) या केंद्राच्या प्रकरणांचे काम अन्य निरीक्षकांकडे सोपवण्याबाबत. सविनय सादर करतो की, सदर केंद्राकडे माझ्या वडिलांचे खत-बियाण्यांचे उधारी खाते असून आज रोजी अंदाजे 64,000 रुपये बाकी आहे. सदर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर माझे नाव सहधारक म्हणून आहे / नाही. सदर केंद्राचा गोदाम समाविष्ट करण्याचा प्रस्ताव (आवक क्रमांक, दिनांक), त्याविरुद्धची तक्रार (आवक क्रमांक, दिनांक) आणि पंप खरेदीतील त्यांचे दरपत्रक माझ्या टेबलावर आहे. यांवर मी अद्याप कोणतीही कार्यवाही केलेली नाही. सबब ही प्रकरणे अन्य सक्षम अधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याचे आदेश व्हावेत."

यातलं "कार्यवाही केलेली नाही" हे वाक्य खरं असेल तरच लिहा. काही केलं असेल, नुसती तारीख ठरवण्यासाठी दुकानदाराला फोन केला असेल तरी, तेही तारखेसह नमूद करा. रक्कम लिहायला संकोचू नका. 'काही व्यवहार आहेत' असं मोघम लिहिलंत तर उद्या वाचणारा त्यात हवा तो आकडा भरतो. स्वतःच्या प्रामाणिकपणाची वाक्यं नकोत, आणि वरिष्ठ तोंडी काय म्हणाले तेही या पत्रात नको. पत्र गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने आवक विभागात द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली स्थळप्रत स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकणं म्हणजे कळवणं नव्हे. माहिती अधिकारात टिपण्यांच्या प्रती निघतात, आणि त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणारा हाच एक कागद असेल.

वरिष्ठ काय करतील? समजूतदार असतील तर मंडळ कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा शेजारच्या तालुक्यातल्या निरीक्षकाकडे काम देतील. पण रिक्त पदं पाहता "माणूसच नाही, तूच कर" हे उत्तरही येऊ शकतं. तेव्हा तेवढंच लेखी मागा. वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवर वागायचं असेल तर ती लेखी घ्यावी, लगेच शक्य नसेल तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, हे वर्तणूक नियमांतच आहे. हे भांडून सांगायची गरज नाही. "साहेब, टिपणीवर तुमचा शेरा पडला की मी लगेच जातो," एवढं पुरतं. "पाहून घे" हे वाक्य कागदावर कोणी लिहीत नाही. लिहायची वेळ आली की बहुतेक वेळा दुसरा निरीक्षक सापडतो.

लेखी आदेशाने काम तुमच्यावरच आलं, तर एकट्याने जाऊ नका. संयुक्त तपासणीची मागणी करा. गोदामाची मापं, चतुःसीमा, भाडेकरार किंवा मालकीचा उतारा हे सगळं दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर तपासा आणि पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घ्या. आणि गोदाम उघडलं की आत काय आहे ते पाहा. परवान्यात नाव येण्याआधीच तिथे गोण्या रचलेल्या दिसल्या, तर तो विनापरवाना साठा आहे आणि त्याची नोंद अहवालात आलीच पाहिजे. "आठ दिवसांत तर मंजूर होणारच आहे" म्हणून ही ओळ गाळण्याचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो.

बाटलीच्या तक्रारीचा तपास जो कोणी करेल त्याला ही पद्धत सांगा. तक्रारीच्या तारखेची ई-पॉसवरची डीएपी विक्री घ्यायची आणि त्याच दिवसाच्या बिलबुकाशी लावायची. डीएपी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या बिलावर तीच बाटली दिसली, तर बळजबरी उघड आहे, कारण सगळ्या गावाला एकाच दिवशी एकाच बाटलीची गरज पडत नाही. बिलावर बाटली नसेल तर साठा रजिस्टरमध्ये त्या बाटल्यांची आवक आणि आजची शिल्लक पाहायची, आणि यादीतल्या दहा शेतकऱ्यांना गाठून विचारायचं. हे गाठणं दुकानदारासमोर नको, त्यांच्या घरी किंवा वावरात हवं. उधारीवाला शेतकरी दुकानात खरं बोलत नाही. आणि हो, त्या तारखेला बाबांनीही डीएपी उचललं असेल, तर त्यांचं नावही यादीत येईल. तपास दुसऱ्याकडे जावा याला हे आणखी एक कारण.

टिपणी दिल्यावर उधारी फेडा, आधी नाही. क्रम उलटला तर "प्रकरण अंगाशी येताना घाईने फेडले" असं दिसतं आणि जुनी बाकी लपवल्याचा वास येतो. पैसे बाबांच्या खात्यातून बँकेने किंवा यूपीआयने जाऊ द्या, रोख नको. एकदम जमत नसेल तर हप्ते करा, पण तारखा ठरवून. तुमच्या पगारातून दिले तरी चालतील, फक्त तेही बँकेतून. शेवटी बाकी निरंक असल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या आणि तिची प्रत त्याच टिपणीला जोडून द्या. साळा किंवा काकांच्या नावावर खातं वळवून ठेवू नका. तालुक्याच्या गावात दुपारपर्यंत ही बातमी पानठेल्यावर पोचलेली असते.

फेडताना एक वाक्य कानावर येण्याची शक्यता आहे : "राहू द्या नं साहेब, व्याजाचं काय घेऊन बसले, मुद्दलच द्या." किंवा थेट, "पुढच्या साली पाहू." इथे परिस्थिती संपते आणि गुन्हा सुरू होतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 मध्ये 'गैरवाजवी लाभ' हा शब्द आहे, त्यात नोटाच असाव्या लागत नाहीत. काम नियमात बसणारंच होतं, हाही बचाव होत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. इतरांना लावलेलं व्याज तुम्हाला सोडलं जात असेल तर ते न घेता पूर्ण हिशेबाने पैसे पाठवा. पण हा हिशेब खताच्या छापील किमतीवर चढवलेला असेल तर तो मान्य करणंही तुम्हाला जमणार नाही. तेव्हा छापील भावाने होणारी रक्कम भरा आणि वरच्या रकमेचा वाद टिपणीत नोंदवा. कोणी उघडच काही देऊ केलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक फक्त नागरिकांसाठी नाही, तुम्हालाही तो लावता येतो.

दरपत्रकांचं थोडक्यात. त्या खरेदीतून तुम्ही बाजूला व्हालच, पण जाताना तिन्ही दरपत्रकं एकदा शेजारी ठेवून पाहा. पंपाचं वर्णन तिन्हीत शब्दशः तेच, एकाच ठिकाणी तीच शुद्धलेखनाची चूक, तिन्हींवर एकच तारीख, आणि दोन दुकानांच्या जीएसटी नोंदणीवर एकच पत्ता. असं काही दिसलं तर ती स्पर्धा नाही, एकाच माणसाने भरलेले तीन कागद आहेत. तसंच मर्यादेच्या आत बसवण्यासाठी एकाच खरेदीचे दोन तुकडे पाडलेत का तेही बघा. दिसलं ते टिपणीत लिहून सोडा.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. पेरणीच्या वेळी हातात पैसा नसतो आणि दुकानदाराने पंधरा वर्षं सांभाळून घेतलेलं असतं. त्यांना तुमचे नियम सांगून उपयोग नाही. दुकानदाराचा फायदा कशात आहे ते सांगा : पोरगा टेबलावर राहिला तर त्याच्या गोदामाच्या मंजुरीवर उद्या कोणीही बोट ठेवेल, दुसऱ्या अधिकाऱ्याने दिली तर ती पक्की राहील. हवं तर बाबांनीच त्याला हे सांगावं, तुम्ही नको. फाइल टेबलावर असताना त्याच्याशी तुमची एकांतातली भेट टाळलेलीच बरी. पुढच्या हंगामासाठी पीक कर्जाचा अर्ज एप्रिलमध्येच लावा आणि माल नगदीने, पावती घेऊन उचला, मग तो खरेदी-विक्री संघाचा असो की कोणत्याही दुकानाचा. हे दुकान सोडून तालुक्यातल्या दुसऱ्या दुकानात उधारी मांडली तर काही सुटत नाही, कारण तेही तुमच्याच तपासणीत येतं. उधारी अगदी अटळ असेल तर तालुक्याबाहेर.

हे वाचणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि उपविभागातल्या कनिष्ठ अभियंत्यांना आपापलं प्रकरण आठवलंच असेल. तुम्ही ज्याच्या घरात भाड्याने राहता तोच पाणीपुरवठ्याचा ठेकेदार आहे, किंवा मेव्हणा मजूर संस्थेत सचिव आहे आणि तिच्या कामाची मोजमाप पुस्तिका तुम्ही भरता. पद्धत तीच : काम सुरू व्हायच्या आधी, आकड्यासह, आवक क्रमांक घेऊन. मोजमापं भरून झाल्यावर दिलेलं पत्र फारसं कामाचं नसतं. त्यातही भाडं देत असाल तर भाडेकराराची प्रत आणि बँकेतून भाडं गेल्याची नोंद जोडा. स्वस्तात मिळालेली खोली ही उधारीच्या भावासारखीच तपासली जाते.

आणि तुमच्या बाबतीत एक शेवटचं काम. बाकी निरंक झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या दुकानाची तपासणी परत अंगावर घेऊ नका. निदान हा हंगाम आणि ही तक्रार संपेपर्यंत लांब राहा आणि पुन्हा काम घेताना त्याचा लेखी आदेश घ्या. मध्येच बदली झाली तर पदभार देण्याच्या यादीत या टिपणीचा आवक क्रमांक लिहा, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्याला ती फाइल कोणाकडे आणि का गेली हे शोधत बसावं लागणार नाही.